‘सुपली’ला आलेली हरकत आणि वीस सप्टेंबर

सप्रेम नमस्कार. मी घणसोलीत घरूनच ‘सुपली आगरी मसाला’ या नावाने मसाला विकते, २०१९ पासून. नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करायला ठाण्यातल्या एका कन्सल्टंटमार्फत क्लास ३० मध्ये, म्हणजे मसाले-पिठांच्या गटात, अर्ज केला होता. त्यावर इंग्रजीत एक्झामिनेशन रिपोर्ट आला. रिपोर्टवर १८ ऑगस्ट तारीख आहे, कन्सल्टंटना मेल २० ऑगस्टला आला, त्यांनी मला तो २८ तारखेला व्हॉट्सअॅपवर पाठवला. कायद्याचं इंग्रजी कळत नाही म्हणून पैसे देऊन मराठी भाषांतर करून घेतलं, ते ९ सप्टेंबरला हातात आलं. त्यात ‘तीस दिवसांत उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला असे समजले जाईल’ असं आहे. म्हणजे ९ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे ना? कलम ९ आणि ११ खाली ‘विरोध’ आहे असंही लिहिलंय आणि मागे तीन नावं जोडली आहेत. त्या तिघांनी माझ्यावर केस केली आहे का? कन्सल्टंट उत्तराचे वेगळे पैसे मागतात. मीच उत्तर दिलं तर चालेल का? शिवाय लेबलची नवी छपाई द्यायची आहे, त्यावर गोलातला आर टाकू का?
— एक वाचक, घणसोली

(नाव आणि ब्रँड बदलले आहेत.)

ताई, तारखेपुरता निरोप तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी इमेलने कळवला आहे. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण मसाले, पापड, साबण विकणाऱ्या अनेकांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडते.

तुमची मुदत २० सप्टेंबरला संपते, ९ ऑक्टोबरला नाही. ट्रेड मार्क नियम २०१७ मधला नियम ३३ सांगतो की अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर आलं नाही तर रजिस्ट्रार अर्ज सोडून दिलेला मानू शकतो. अहवाल ‘मिळाला’ कधी, याचंही उत्तर नियमांतच आहे. रजिस्ट्रीने इमेल पाठवला की त्याच वेळी तो पोचला असं धरतात. तुम्ही मेल उघडला कधी, कन्सल्टंटने पुढे पाठवला कधी, भाषांतर हातात आलं कधी, याची कायदा दखल घेत नाही. अर्जात पत्त्यासोबत जो इमेल लिहिला आहे तो बहुतेक वेळा कन्सल्टंटचाच असतो, आणि कागदोपत्री त्याला मिळालं म्हणजे तुम्हाला मिळालं. तेव्हा २० ऑगस्ट हाच दिवस धरायचा.

भाषांतरात ‘तीस दिवस’ आलंय, मूळ अहवालात मात्र एक महिना आहे. एरवी हा फरक एखाद्या दिवसाचाच पडतो, पण पडतो. महिना म्हणजे पुढच्या महिन्यातली तीच तारीख. २० ऑगस्टचा महिना २० सप्टेंबरला पुरा होतो, तीस दिवस मोजले तर १९ सप्टेंबर येतो. तुमच्या बाबतीत चुकीचा हिशोब एक दिवस अलीकडे नेतो, म्हणजे नुकसान नाही. तोच मेल ३० जानेवारीला आला असता तर महिना फेब्रुवारीअखेर संपला असता आणि तीस दिवस मोजणारा माणूस १ मार्चला निवांत बसला असता. रिपोर्टवरची १८ तारीख आणि मेलची २० तारीख यांत वाद घालत बसू नका. कामाचा शेवटचा दिवस १८ सप्टेंबर धरा, दोन दिवस हाताशी राहू द्या. शेवटच्या रात्री साइट हळू चालते आणि फाईल अपलोड होता होता अडकते, हे या कामात नेहमीचं आहे.

मूळ मेलचा स्क्रीनशॉट कन्सल्टंटकडून आजच मागून घ्या, पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर पुढे वेगळीच तारीख दिसते आणि मग मुदतीचा वाद झाला तर हातात काही राहत नाही.

मुदतवाढ मागता येते. फॉर्म टीएम-एम भरायचा, ऑनलाइन शुल्क ९०० रुपये, कारण लिहायचं, आणि वाढ मिळाली तरी एका महिन्यापलीकडे मिळत नाही. पण ती मिळेलच असं नाही, देणं न देणं रजिस्ट्रारच्या मर्जीवर आहे. अर्ज टाकून निश्चिंत बसू नये. माझं मत विचाराल तर पुरावे अर्धवट असले तरी वेळेत एक नीट उत्तर द्या आणि ‘उर्वरित पुरावे सुनावणीत सादर करू’ असं त्यात लिहा. उशिरा आलेल्या भरगच्च उत्तरापेक्षा वेळेत आलेलं साधं उत्तर तुम्हाला जास्त वाचवतं.

आता ‘विरोध’. तुमच्यावर कोणी केस केलेली नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे परीक्षकाने, स्वतःहून काढलेल्या या हरकती आहेत. त्या तीन नावांच्या मालकांना तुमचा अर्ज आहे हे कदाचित ठाऊकही नसेल. इतरांचा विरोध ही पुढची पायरी असते. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापला जातो, त्यानंतर चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो, आणि त्याला उत्तर द्यायला दोन महिने मिळतात. भाषांतरकाराने दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की वाचणारा घाबरतो आणि मुदतींची गल्लतही होते. भाषांतर शेजारी ठेवून मूळ अहवालात फक्त चार गोष्टी पुन्हा पाहा: तारखा, कलमांचे आकडे आणि त्यांच्यापुढचे कंसातले उपक्रमांक, जोडलेल्या नावांचे अर्जक्रमांक, आणि त्यांच्यापुढचं स्टेटस. हे सगळं आकड्यांत आणि ठरावीक शब्दांत असतं, त्यासाठी फार इंग्रजी लागत नाही.

ट्रेड मार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत तुम्हाला ९ (१) (ख) खाली आली आहे, इंग्रजीत ती बी म्हणून दिसेल. मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग, मूळ ठिकाण असं काही सांगणाऱ्या शब्दांपुरतंच जे नाव उरतं त्याला हे पोटकलम नोंदणी नाकारतं. यातला ‘पुरतंच’ हाच तुमचा आधार. परीक्षकाचं म्हणणं ‘आगरी मसाला’ या दोन शब्दांबाबत आहे, आणि त्या मर्यादेत ते बरोबर आहे. ठाण्यापासून उरण-पनवेलपर्यंत आगरी मसाला करणाऱ्या किती तरी जणी आहेत. तो शब्द एकीच्या नावावर बांधला तर बाकीच्यांनी बरणीवर काय लिहायचं? तेव्हा तिथे भांडू नका, सोडून द्या. उलट स्वतःहून लिहा की या दोन शब्दांवर आम्ही वेगळा हक्क मागत नाही. कलम १७ मध्येही तसंच आहे: नोंदणी पूर्ण नावाची होते, आणि धंद्यात सर्रास चालणाऱ्या त्यातल्या एखाद्या तुकड्यावर एकट्याचा हक्क त्यातून मिळत नाही. कबूल करून तुमचं काही जात नाही. उत्तराला मात्र विश्वास मिळतो.

उरतं ‘सुपली’. सुपली हे धान्य पाखडायचं साधन. मसाल्याचा प्रकार, तिखटपणा किंवा घटक यांतलं ते काहीच सांगत नाही. म्हणजे वर्णनाचा भाग मागे, आणि पुढे मालाशी थेट संबंध नसलेला शब्द, असं हे नाव आहे. उत्तरात हाच मुद्दा तीन-चार वाक्यांत मांडायचा. कच्चा मसुदा देतो, भाषांतर करून घेताना असाच द्या:

‘अर्जातील चिन्ह ‘सुपली आगरी मसाला’ असे संपूर्ण आहे. ‘सुपली’ हे धान्य पाखडण्याच्या साधनाचे नाव असून ते मसाल्याचा प्रकार, दर्जा, घटक वा मूळ ठिकाण दर्शवत नाही. चिन्ह केवळ वर्णनात्मक शब्दांचे बनलेले नसल्याने कलम ९ (१) (ख) लागू होत नाही. ‘आगरी मसाला’ या शब्दांवर अर्जदार स्वतंत्र हक्क मागत नाही व नोंदणी त्या मर्यादेसह स्वीकारण्यास तयार आहे.’

एवढं पुरे. इथे लोक काय करतात? ‘आमचा मसाला शुद्ध, घरगुती, आजीच्या हातचा, भेसळ नाही’ अशी दीड पानं भरतात. परीक्षकाला चव तपासायची नाही. एखादा तर ‘हा खरा आगरी मसाला आहे’ असं ठासून लिहितो आणि आपलं नाव वर्णनात्मकच आहे हे स्वतःच्याच हाताने सिद्ध करून देतो.

याच कलमात एक पळवाट आहे: वापरामुळे नाव ओळखीचं झालं असेल, तेही अर्जाच्या तारखेआधी, तर वर्णनात्मक असूनही नोंदणी होऊ शकते. त्यासाठी मोठी विक्री, जाहिरात, बातम्या असा भक्कम पुरावा लागतो. घरगुती धंद्याच्या मूठभर बिलांवर ते उभं राहत नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

खरं काम कलम ११ (१) मध्ये आहे. आधीपासूनच्या नावासारखं नाव आणि सारखा माल, त्यामुळे गिऱ्हाइकाचा गोंधळ होण्याची शक्यता, ही ती हरकत. अहवालामागे जोडलेली यादी संगणकावरच्या शोधातून येते. त्यात उच्चाराने जवळ वाटणारी नावंही येतात, म्हणून एखादं नाव भलतंच वाटलं तरी नवल नाही. तिन्ही नावांना एकच उत्तर देऊ नका, कारण तिघांची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येकाचा अर्जक्रमांक घेऊन ipindia.gov.in वर ट्रेडमार्क अर्जाची स्थिती उघडा. तिथे पाच गोष्टी टिपा: स्टेटस, अर्जाची तारीख, वापर केव्हापासूनचा सांगितला आहे, मालाचं वर्णन, आणि नोंदणी असेल तर ती कधीपर्यंत चालू आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांवरून जे दिसतं ते असं.

दुसऱ्या क्रमांकाचं नाव वेफर्सचं आहे, एका काना-मात्रेने वेगळं, आणि स्टेटस `Abandoned`. अर्ज सोडलेलं नाव आडवं येऊ शकत नाही. स्टेटसच्या पानाची प्रिंट काढा, तारीख दिसू द्या, जोडा, आणि उत्तरात एक ओळ लिहा. फक्त ही तपासणी उत्तर भरायच्या दिवशी पुन्हा करा, कारण एखादा अर्ज पुनर्विलोकनात परत जिवंत होतो. स्टेटस `Removed` असतं तर मात्र असं एका ओळीत सुटलं नसतं. नूतनीकरणाची फी न भरल्याने काढलेली नोंद कलम २६ प्रमाणे काढल्यापासून आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या अर्जाच्या आड येऊ शकते. त्या मालकाने काढण्याआधीची दोन वर्षं नाव प्रत्यक्षात वापरलंच नव्हतं असं दाखवता आलं, किंवा गोंधळ होणार नाही असं पटवता आलं, तरच ती अडचण सुटते.

तिसरं नाव ‘सुफळ’ या शब्दावर बेतलेलं, चहाचं, अर्ज २०२२ चा, स्टेटस `Objected`, म्हणजे त्यांच्याही अर्जावर परीक्षकाची हरकत आहे. त्यांनी वापर सुरूच केला नव्हता, ‘पुढे वापरणार’ असं अर्जात आहे. इथे तुमच्याकडे दोन मुद्दे आहेत. अर्थ वेगळा आणि उच्चारही ऐकताना वेगळा, हा पहिला. दुसरा जास्त वजनदार: तुमचा वापर २०१९ चा, त्यांच्या अर्जाच्याही आधीचा. तो कागदाने दाखवता आला तर हे नाव मागे पडतं.

पहिलं नाव ही खरी अडचण. रोमन अक्षरांत लिहिलेलं, पण वाचलं की ‘सुपली’च. क्लास ३०, पीठ आणि रवा, अर्ज २०१७ चा, नोंदणी चालू. ‘माझं मराठीत आहे, त्यांचं इंग्रजीत’ हा मुद्दा कृपया लिहू नका. दुकानात माणूस नाव तोंडाने मागतो, लिपीने नाही, आणि उच्चार सारखा असेल तर लिपी बदलल्याने काही साधत नाही. तुमचा २०१९ चा वापरही इथे कामाचा नाही, कारण ते दोन वर्षं आधीचे आहेत. मग काय उरतं?

पहिलं, माल. एका क्लासमध्ये असणं म्हणजे माल सारखा असणं असं आपोआप होत नाही. क्लास ही फी आणि कारभाराच्या सोयीची विभागणी आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर रवा आणि मसाला एकाच किराणा दुकानात, एकाच फळीवर असतात, म्हणून नुसत्या ‘माल वेगळा’वर भरवसा ठेवता येणार नाही. तुमच्या अर्जात मालाचं वर्णन काय आहे ते पाहिलं. कन्सल्टंटने मसाल्यासोबत पीठ, रवा, पोहे, नूडल्स, कॉफी, मिठाई असं क्लास ३० मधलं जवळजवळ सगळं टाकलं आहे. ‘फी तेवढीच, मग सगळंच घेऊ’ हा विचार फार जणांना महागात पडतो. ज्या पिठा-रव्यासाठी तुम्ही कधी पोतंही उघडलं नाही त्याच मालावर तुमची त्या नोंदणीशी समोरासमोर टक्कर लावून ठेवली आहे. टीएम-एम भरून वर्णन ‘मसाले’ एवढंच करून घ्या, यालाही ९०० रुपये. अर्जातला माल कमी करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून उद्या लसणाची चटणी विकायचा विचार असेल तर ती आता काढू नका, आधी यादीत आहे का ते पाहा. लोणचं मात्र क्लास २९ मध्ये जातं, त्याला वेगळा अर्जच लागेल.

दुसरं, संमती. आधीच्या नावाच्या मालकाने लेखी हरकत नाही म्हटलं तर कलम ११ (४) खाली नोंदणी होऊ शकते. ‘मी फक्त मसाल्यासाठी वापरेन, पीठ-रव्याला हे नाव देणार नाही’ असं लिहून दिलं तर लहान व्यापारी कधी कधी मान्यही करतो. पण हे पत्र आठवड्यात मिळत नाही, आणि त्यांना जाग आणून देण्याची जोखीमही त्यात आहे. म्हणून संपर्क करण्याआधी त्यांचा माल बाजारात आहे का हे बघा: एपीएमसीच्या किराणा बाजारात विचारा, ऑनलाइन शोधा. नोंदणी होऊन पाच वर्षं उलटली आणि त्या काळात नाव वापरात नसेल तर कलम ४७ खाली ते काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. ते मोठं काम आहे आणि त्याला वकील हवाच. मात्र वापर नसल्याचं दिसलं तर तुमची बाजू किती बळकट होते ते आत्ताच कळून घ्यावं.

तिसरं, कलम १२, म्हणजे दोघांनी प्रामाणिकपणे एकाच वेळी केलेला वापर. तुम्ही २०१९ पासून विकता, तेव्हा त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं कोणा गिऱ्हाइकाचा गोंधळ झालेला नाही, हे दाखवायचं. हे सगळं पुराव्यावर चालतं. तिकडे वळू.

तुमच्या वापराच्या शपथपत्राला एकच बिल जोडलेलं आहे, आणि तेही वाशीच्या मार्केटमधून बेडगी मिरची घेतल्याचं. ते निरुपयोगी आहे. मिरची घेतली हे त्यातून कळतं, ‘सुपली’ नावाने मसाला विकला हे कळत नाही. पुराव्याच्या एका कागदावर शक्यतो तीन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: नाव, माल आणि तारीख. लेबल छापणाऱ्याचं २०१९ चं बिल, ज्यावर ‘सुपली आगरी मसाला, २०० ग्रॅम लेबल, १००० नग’ असं लिहिलं असेल, ते दहा मिरचीच्या बिलांपेक्षा मोलाचं. तुमचं दुकानदाराला दिलेलं बिल, त्यावर नाव छापलेलं असेल तर. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात किंवा बचतगटांच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला असेल तर त्याची पावती, आणि बोर्डासकट स्टॉलचा फोटो. फोटोची मूळ फाईल ठेवा, त्यात तारीख असते. एफएसएसएआयचं नोंदणीपत्र आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा, पण त्यावर फक्त तुमचं नाव असेल आणि ब्रँड नसेल तर ते धंदा चालू असल्याचाच पुरावा, नावाचा नाही. इन्स्टाग्राम, फेसबुकवरच्या जुन्या पोस्टचे स्क्रीनशॉट तारखेसह चालतात. प्रत्येक वर्षाचे दोन-तीन कागद असे निवडा, म्हणजे २०१९ पासून आजवर साखळी तुटत नाही. एकाच दिवाळीची चाळीस बिलं आणि मधली तीन वर्षं कोरी, असं झालं तर परीक्षक मधल्या वर्षांबद्दलच विचारेल.

तारीख मागे ओढायचा मोह टाळा. अर्जात १५ ऑगस्ट २०१९ पासून वापर सांगितला असेल आणि सगळ्यात जुनं बिल मार्च २०२० चं निघालं, तर तेच जोडा आणि आधीच्या महिन्यांसाठी जे असेल ते दाखवा. जुन्या तारखेचं नवं बिल करून देणारे भेटतात. त्या बिलावरचा जीएसटी क्रमांक किंवा छापखान्याचा फोन नंबरच पुढे घोटाळा उघडा करतो, आणि शपथेवर खोटं सांगितल्याची जबाबदारी बिल करणाऱ्यावर नाही, तुमच्यावर येते.

बिलं मराठीत असतील तर रजिस्ट्रीत कागद हिंदी किंवा इंग्रजीत चालतात हे लक्षात ठेवा. मराठी कागदासोबत त्याचं भाषांतर जोडा. तुमचं उत्तरही या दोनपैकी एका भाषेत हवं. इंग्रजी जड जात असेल तर हिंदीत द्या, त्याला हरकत नाही. निदान आपण सही कशावर करतो हे तरी तुम्हाला वाचता येईल. शपथपत्र नोटरीसमोर सही करून, सगळ्या जोडपत्रांवर अ, ब, क अशा खुणा करून एका पीडीएफमध्ये बांधा. स्कॅन वाचता येईल असा हवा. मोबाइलवर तिरके काढलेले फोटो अपलोड होतात, पण बिलाची तारीखच दिसत नाही.

स्वतः उत्तर देता येतं का? येतं, अर्जदार तुम्ही आहात. परीक्षण अहवालाच्या उत्तराला सरकारी फी नाही. कन्सल्टंट मागतात ती त्यांची स्वतःची फी, तीत सरकारी रक्कम किती असं विचारलं तर उत्तर शून्य यायला हवं. टीएम-एमचे ९०० वेगळे. पण तुमच्या अर्जावर एजंट म्हणून त्यांचं नाव आहे, आणि आठवड्याभरात ते बदलून स्वतःच्या लॉगिनमधून भरायचा घाट घातला तर त्यातच मुदत जाईल. या वेळी मसुदा आणि पुरावे तुम्ही तयार करा, भरणं त्यांच्या लॉगिनमधून होऊ द्या, आणि त्या कामापुरती फी ठरवून घ्या. एजंट बदलायचा असेल तर तो नंतर. मात्र भरण्याआधी शेवटची पीडीएफ मागून स्वतः वाचा. ‘आमचं नाव वेगळं आहे, हरकत मागे घ्यावी’ असा सगळ्यांना चालणारा एकच छापील मजकूर पाठवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या उत्तरात तिन्ही अर्जक्रमांक एकेक करून आले नसतील तर तो मजकूर तुमच्यासाठी लिहिलेला नाही.

भरून झालं की पावती घ्या आणि दोन दिवसांनी तुमच्या अर्जाच्या स्टेटसच्या पानावर कागदपत्रांच्या यादीत ते उत्तर खरंच दिसतं का ते पाहा. मार्च २०१६ मध्ये रजिस्ट्रीने उत्तर आलं नाही या कारणावरून अर्जांचे ढीगच्या ढीग सोडून दिलेले ठरवले होते, त्यांत उत्तर दिलेले अर्जदारही असल्याच्या तक्रारी झाल्या आणि दिल्ली हायकोर्टाला तो आदेश थांबवावा लागला. ज्यांच्याकडे पावती होती त्यांना आपलं म्हणणं मांडणं सोपं गेलं. तुमचं पान तसंच चुकून `Abandoned` दिसलं तर आदेशापासून एक महिन्यात टीएम-एमवर पुनर्विलोकन मागता येतं, आणि ते अडलं तर कलम ९१ खाली तीन महिन्यांत हायकोर्ट. घरगुती धंद्याला तिथपर्यंत जाणं परवडत नाही.

उत्तर पटलं तर अर्ज स्वीकारून जर्नलमध्ये जाईल. नाही पटलं तर स्टेटस `Ready for Show Cause Hearing` होईल. त्याला घाबरू नका. आता या सुनावण्या बहुतेक व्हिडिओवर होतात आणि नोटीस पुन्हा त्याच इमेलवर येते. तेव्हा कन्सल्टंटला सांगून ठेवा की आलेला मेल त्याच दिवशी पुढे पाठवायचा, आठ दिवसांनी नाही. आठवड्यातून एकदा स्वतःही स्टेटस उघडून पाहत जा. सुनावणीला कोणी हजरच राहिलं नाही तर चांगलं उत्तरही वाया जातं. पहिल्या नावामुळे तुमचं प्रकरण सुनावणीपर्यंत जाईल असं मला वाटतं. तोपर्यंत संमतीपत्राचा किंवा त्यांच्या वापराचा तपास पुरा झालेला असावा.

गोलातला आर आत्ता छापू नका. तो नोंदणी झाल्यावरच वापरायचा असतो. नोंदणी नसताना तसं दाखवणं कलम १०७ खाली दंडाला पात्र आहे, आणि असं लेबल पुरावा म्हणून अपलोड झालं तर तुमच्याच उत्तराला बाधा येते. वरच्या कोपऱ्यात छोटी टीएम ही अक्षरं टाका, त्याला नोंदणी लागत नाही. छापखान्यात प्लेट आधीच तयार झाली असेल तर छपाई सुरू करण्याआधी फोन करा.